दातांच्या उपचारांपूर्वीचे प्रतिजैविक : झडपांच्या रुग्णांची यादी आखडत कशी गेली

हृदयाच्या झडपेचा विकार असलेल्या व्यक्तीने दाढ काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे, हा नियम वैद्यकाने अर्धशतकाहून अधिक काळ पाळला. आज तो अगदी थोड्या रुग्णांपुरता उरला आहे. ज्यांना पूर्वी प्रत्येक भेटीआधी गोळ्या दिल्या जात, त्यांच्यापैकी बहुतेकांना आता ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगितले जाते आणि ते साहजिकच गोंधळतात. हा बदल कोणत्या पुराव्यावर झाला आणि मर्यादेची रेघ नेमकी तिथेच का ओढली गेली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ज्या आजाराला टाळण्यासाठी हे सारे चालते तो म्हणजे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे झडपांना आणि हृदयाच्या आतल्या अस्तराला होणारा जंतुसंसर्ग. झडप अरुंद किंवा गळकी असली की रक्ताचा झोत तिच्या कडेवर जोराने आदळतो, तिथले नाजूक अस्तर खरवडले जाते आणि त्या जागी रक्त गोठवणाऱ्या बिंबिका व फायब्रिन हे प्रथिन यांचा बारीक थर साचतो. हा थर मुळात निर्जंतुक असतो. मात्र रक्तातून जाणारे तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय हे जंतू त्याला चिकटले की ते तिथेच वाढतात आणि त्यांच्यावर आणखी फायब्रिन चढत जाते. अशा गाठीत संरक्षक पेशी सहज पोहोचत नाहीत, म्हणूनच या आजारावर शिरेतून कित्येक आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात.

अस्वच्छ तोंड आणि हा आजार यांचा संबंध इंग्लंडमधील थॉमस हॉर्डर यांनी १९०९ मध्ये नोंदवला होता. १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट यांनी लंडनमध्ये दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकाय सापडले. हिरड्या जितक्या खराब, तितके हे प्रमाण जास्त होते. त्यांच्या निष्कर्षातली आणखी एक गोष्ट पुढे बराच काळ दुर्लक्षित राहिली. ज्यांच्या हिरड्या फार बिघडलेल्या होत्या, त्यांतल्या काहींच्या रक्तात दात न काढताही जंतू आढळले होते.

पुढे पेनिसिलिन आले आणि तर्क सरळ वाटू लागला. दात काढल्याने जंतू रक्तात जातात, खराब झडपेवर ते बसतात, पेनिसिलिन त्यांना मारते, तेव्हा आधीच पेनिसिलिन द्यावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये या विषयावर पहिली शिफारस केली. तेव्हापासून मात्रा वारंवार बदलल्या. कधी स्नायूत इंजेक्शन, कधी उपचाराच्या आधी व नंतर कित्येक दिवस गोळ्या, १९९० मध्ये पेनिसिलिनच्याच गटातले अमॉक्सिसिलिन आधी ३ ग्रॅम व सहा तासांनी दीड ग्रॅम, तर १९९७ मध्ये आधी एकदाच २ ग्रॅम. मात्रा कमी होत गेली तरी रुग्णांची यादी लांबच राहिली. ऱ्हुमॅटिक तापाने झालेला झडपविकार, जन्मजात दोषांपैकी बहुतेक आणि मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, म्हणजे मायट्रल झडपेचे पडदे मागे फुगणे, त्यात गळती असल्यास, हे सगळे त्यात होते.

या साऱ्या इमारतीखाली माणसांवरचा थेट प्रयोग मात्र कधीच नव्हता. सशांवरच्या प्रयोगांत पेनिसिलिनने एंडोकार्डायटिस रोखता आला, पण तिथे नळी घालून झडपेला मुद्दाम इजा केलेली असे आणि शिरेतून सोडलेल्या जंतूंची संख्या दाढ काढताना रक्तात येणाऱ्या जंतूंच्या कितीतरी पट असे. हा आजार इतका विरळ आहे की एका गटाला औषध व दुसऱ्याला निष्क्रिय गोळी देऊन फरक पाहायचा, तर प्रचंड मोठ्या संख्येने रुग्ण लागतील. त्यामुळे असा अभ्यास आजवर झालेला नाही, आणि पुढचा सगळा वाद या उणिवेभोवती फिरतो.

पहिला धक्का दिला तो रोजच्या जगण्याने. दात घासताना, चावताना, दातांत अडकलेले काढतानाही जंतू रक्तात जातात. १९८४ मध्ये गंथरॉथ यांनी याचा हिशेब मांडला. एका दाताच्या काढण्याने जंतू फार तर अर्धा तास रक्तात राहतात, तर एका महिन्याच्या चावण्या-घासण्यातून ही वेळ बेरजेने ५,३७० मिनिटे होते. हा आकडा अंदाजावर उभा आहे, पण त्याची दिशा पुढच्या मोजमापांनी खरी ठरवली. लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २९० जणांचे रक्त तपासले. एंडोकार्डायटिसला कारणीभूत ठरू शकणारे जंतू नुसते दात घासणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांत, अमॉक्सिसिलिन घेऊन दात काढलेल्यांपैकी ३३ टक्क्यांत आणि औषधाविना दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांत सापडले. औषधाने प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, शून्यावर नाही. दात काढण्याची वेळ मात्र आयुष्यात मोजक्या प्रसंगी येते, आणि घासणे रोजचेच असते.

त्यापूर्वीच, १९९८ मध्ये, स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया परिसरातील २७३ एंडोकार्डायटिस रुग्णांची तुलना हा आजार नसलेल्या व्यक्तींशी केली होती. आधीच्या काही महिन्यांत दातांचे उपचार घेण्याचे प्रमाण रुग्णांमध्ये जास्त नव्हते. झडपेचा आधीपासूनचा विकार मात्र त्यांच्यात कितीतरी अधिक होता. धोका झडपेत होता. दंतवैद्याच्या खुर्चीवरचा वाटा लहान दिसत होता.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये यादी एकदम आखडली. माझ्या मते त्या दस्तऐवजातला सर्वांत बोलका भाग म्हणजे त्यातले अंदाजी आकडे. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकायमुळे होणाऱ्या एंडोकार्डायटिसपैकी १ टक्का दातांच्या उपचारांमुळे होतो असे गृहीत धरले, तर एका उपचारामागे धोका मायट्रल प्रोलॅप्सच्या रुग्णाला ११ लाखांत एक, ऱ्हुमॅटिक हृदयरोग असलेल्याला १,४२,००० मध्ये एक, कृत्रिम झडप असलेल्याला १,१४,००० मध्ये एक आणि पूर्वी हा आजार होऊन गेलेल्याला ९५,००० मध्ये एक इतका येतो.

इथे थोडे थांबायला हवे. ऱ्हुमॅटिक झडप आणि कृत्रिम झडप यांच्या आकड्यांत फारसा फरक नाही. दहा लाख उपचारांमागे एकात सात, दुसऱ्यात नऊ. तरी पहिला रुग्ण यादीतून गेला आणि दुसरा राहिला. कारण रेघ ओढताना संसर्ग होण्याची शक्यता हा निकष सोडून देण्यात आला आणि संसर्ग झालाच तर काय होईल, हा निकष धरला गेला. स्वतःच्या झडपेवर तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकायचा संसर्ग झाला, तर योग्य उपचारांनी मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. कृत्रिम झडपेवर ते वीस टक्के किंवा त्याहून अधिक असते, कारण टाक्यांच्या कडेने गळू होतो, झडप सैल होते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

उरलेली यादी लहान आहे : कृत्रिम झडप किंवा दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेली झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही जन्मजात दोष, म्हणजे रक्तात प्राणवायू कमी पडून त्वचा निळसर करणारा आणि शस्त्रक्रिया न झालेला नीलवर्णी दोष, कृत्रिम साहित्याने पूर्ण दुरुस्त केलेल्या दोषाचे पहिले सहा महिने आणि दुरुस्तीनंतरही त्या साहित्याशेजारी राहिलेली गळती, आणि हृदयरोपणानंतर झडपेत उद्भवलेला बिघाड. उपचारही सगळे नाहीत. हिरडीला, दाताच्या मुळाच्या टोकाला किंवा तोंडाच्या अस्तराला छेद जाणारेच यात येतात. क्ष-किरण, निरोगी भागातले बधिरतेचे इंजेक्शन, काढता येणारी कवळी बसवणे यांना प्रतिजैविक लागत नाही.

हे एका रुग्णावर पाहू. चाळिशीतल्या एका स्त्रीची मायट्रल झडप ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झाली आहे आणि तिची एक दाढ काढायची आहे. १९९७ च्या नियमानुसार तिला २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन मिळाले असते, २००७ नंतरच्या अमेरिकी नियमानुसार काहीच नाही. दोन वर्षांनी तिला यांत्रिक झडप बसवली आणि दुसरी दाढ काढण्याची वेळ आली, की ती पुन्हा यादीत येते. तेव्हा तिला दाढ काढण्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन एकदाच तोंडाने द्यावे. चुकून राहून गेल्यास उपचारानंतर दोन तासांपर्यंत देता येते. रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असल्याने स्नायूत इंजेक्शन टाळायचे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम चालते.

पूर्वी अशा ॲलर्जीत क्लिंडामायसिन दिले जाई. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१५ मध्ये असे दिसले की त्याच्या एका मात्रेनंतर औषधाच्या दहा लाख चिठ्ठ्यांमागे १३ मृत्यू व १४९ इतर दुष्परिणाम नोंदले गेले होते, तर अमॉक्सिसिलिनच्या एका मात्रेत एकही मृत्यू नव्हता आणि सुमारे २३ दुष्परिणाम होते. क्लिंडामायसिनमागच्या मृत्यूंचे मुख्य कारण आतड्यातला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते वगळले. आता हे २३ आणि वरचे सात किंवा नऊ शेजारी ठेवले, की सरसकट औषध देणे का थांबले ते दिसते. हे २३ बहुतेक गंभीर नसतात, पण ऱ्हुमॅटिक रुग्णाच्या बाबतीत तराजू फारसा झुकत नाही.

ब्रिटनची नाइस ही संस्था २००८ मध्ये यापुढे गेली आणि तिने कोणालाच प्रतिबंधक मात्रा देऊ नये असे सांगितले. नंतर तिथल्या चिठ्ठ्या झपाट्याने कमी झाल्या आणि २०१५ मध्ये डेयर व सहकाऱ्यांनी दाखवले की एंडोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा महिन्याला सुमारे ३५ ने वाढले होते. वाढ कमी धोक्याच्या रुग्णांतही होती, तेव्हा कारण हेच असे ठामपणे म्हणता आले नाही. २०१६ मध्ये नाइसने आपल्या वाक्यात ‘सरसकट’ हा शब्द घातला, म्हणजे निवडक रुग्णांसाठी दार उघडले. २०२२ मध्ये अमेरिकेतील आरोग्य विम्याच्या नोंदींवर आधारित अभ्यासात, जास्त धोक्याच्या रुग्णांत दात काढणे आणि तोंडाची शस्त्रक्रिया यांच्यानंतर एंडोकार्डायटिस वाढल्याचे आणि प्रतिजैविकाने तो कमी झाल्याचे आढळले, आणि युरोपीय हृदयरोग संस्थेने २०२३ मध्ये याच गटासाठी शिफारस अधिक ठाम केली. ऑस्ट्रेलियाने तर तिथल्या आदिवासींमधील ऱ्हुमॅटिक हृदयरोग यादीत कायम ठेवला. आजार जिथे जास्त आणि उपचार उशिरा मिळतात तिथे निकालही वाईट येतो, आणि निकष निकालाचाच असेल तर रेघ सगळीकडे एकाच ठिकाणी पडणार नाही.

यादीबाहेर गेलेल्या रुग्णांसाठी दातांची काळजी मात्र आधीपेक्षा अधिक गरजेची ठरते, कारण रोजचे जंतू हिरड्यांच्या अवस्थेवर अवलंबून असतात. आणि यादीत असो वा नसो, झडपेचा विकार असलेल्या व्यक्तीला दातांच्या उपचारानंतरच्या काही आठवड्यांत कारण न कळणारा ताप, रात्रीचा घाम किंवा थकवा आला, तर आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करावे आणि मगच प्रतिजैविक सुरू करावे. घाईने दिलेल्या दोन-तीन गोळ्यांनी जंतू रक्तात दिसेनासा होतो, झडपेवर तो तसाच राहतो, आणि निदान लांबते.