ओडोरिकचे ठाणे कोणी वाचले? ऐकीव संदर्भांची पार्श्वभूमी

ठाण्याच्या जुन्या इतिहासावर लिहायला घेतले की ओडोरिक हमखास भेटतो. इटलीतल्या पोर्देनोने गावचा हा फ्रान्सिस्कन साधू चौदाव्या शतकात ठाण्याला येऊन गेला. इथे काळे सिंह आहेत, कबुतरांएवढी वटवाघळे आहेत आणि उंदीर कुत्र्यांएवढे आहेत, असे त्याने सांगून ठेवले. उंदीर इतके मोठे की मांजरांचे काही चालत नाही, ते कुत्र्यांनीच पकडावे लागतात, असेही तो सांगतो. असा मजकूर कोणत्याही लेखकाला मोहात पाडतो. त्यामुळे तो एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत, तिथून लेखात आणि लेखातून प्रबंधात जातो. प्रबंधाच्या तळटिपेत नाव मात्र ओडोरिकचे असते, आणि परीक्षक नेमके तिथे पेन्सिलीने वर्तुळ काढून विचारतो, ‘हे तुम्ही स्वतः पाहिलेत का?’

हा प्रश्न नियमांच्या काटेकोरपणातून आलेला नाही. त्यामागे बराच इतिहास आहे, आणि ओडोरिकचेच उदाहरण धरून पायरीपायरीने मागे गेले तर तो चांगला कळतो.

प्रबंध लिहिणाऱ्याच्या हातात बहुधा एखादे मराठी पुस्तक असते. त्या पुस्तकाचा आधार बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या या मालिकेत ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. गॅझेटियरने ओडोरिकचे वृत्तान्त घेतले ते हेन्री यूल यांच्या इंग्रजी भाषांतरातून. यूल यांचा तो ग्रंथ हक्लूट सोसायटीने १८६६ साली छापला. यूल यांच्यापुढे होत्या लॅटिन आणि इटालियन हस्तलिखितांच्या प्रती, आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. स्वतः ओडोरिकने तर आपल्या हाताने काही लिहिलेच नाही. प्रवासाहून परतल्यावर १३३० साली पादुआमध्ये त्याने आठवणी सांगितल्या आणि दुसऱ्या एका साधूने त्या लॅटिनमध्ये उतरवून घेतल्या. पुढच्याच वर्षी ओडोरिक वारला.

म्हणजे ‘ओडोरिक म्हणतो’ या दोन शब्दांच्या मागे पाच-सहा हात आहेत. प्रत्येक हाताने काहीतरी निवडले, काहीतरी गाळले. उंदरांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. पण ओडोरिकच्या ठाण्याच्या वर्णनाचा मुख्य भाग उंदरांचा नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्याची हकिकत त्याने विस्ताराने सांगितली आहे. ओडोरिक ठाण्यात पोचला तो ही घटना होऊन गेल्यावर. त्याने मृतांच्या अस्थी घेतल्या आणि त्या बरोबर घेऊन तो पुढे चीनकडे गेला. घटना त्याने पाहिलेली नव्हती, इथल्या लोकांकडून ऐकलेली होती. गॅझेटियरचा सारांश, त्या सारांशाचा मराठी गोषवारा आणि त्या गोषवाऱ्यावरून लिहिलेले एक वाक्य, एवढा प्रवास झाला की ‘ऐकले’ गळून पडते आणि ओडोरिक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होऊन बसतो. त्या साधूंचा सोबती जॉर्डानस हा घटनेच्या अधिक जवळचा. त्याने मृतांना सोपाऱ्याला पुरले आणि त्याची पत्रेही उरली आहेत. पण ओडोरिकलाच साक्षीदार मानून बसलेला संशोधक जॉर्डानसकडे वळतच नाही. माझ्या मते दुय्यम संदर्भाने, म्हणजे मूळ न पाहता दुसऱ्याच्या लेखनातून उचललेल्या संदर्भाने, होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. चुकीचे वाक्य खोडता येते, पण जी चौकशी कधी सुरूच झाली नाही तिची उणीव कुणाला दिसत नाही.

मूळ मजकूर वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. ठाणे ही पोरस राजाची नगरी होती, अलेक्झांडरशी लढला तोच हा पोरस, असे ओडोरिक तिथेच सांगतो. ती लढाई झाली पंजाबात, झेलमच्या काठी. हे वाक्य डोळ्यांखालून गेले की ओडोरिकच्या बाकीच्या ठाम विधानांवर किती भार टाकायचा, याचा अंदाज येतो. निवडक उतारा वाचणाऱ्याला तो अंदाज येत नाही, कारण उतारा निवडणारा असली वाक्ये सहसा वगळतो.

आता थोडे ठाण्याबाहेर जाऊ. न पाहिलेला मूळ लेख पाहिल्यासारखा उद्धृत केला तर काय होते, याचा सर्वांत गाजलेला दाखला वैद्यकातला आहे. १८८७ साली प्रागमधले डॉक्टर यारोस्लाव ह्लावा यांनी आमांशावर चेक भाषेत एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘ओ उप्लावित्सि’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. अलेक्झांड्रियातले डॉक्टर कार्टुलिस यांनी एका जर्मन नियतकालिकात त्या लेखाचा गोषवारा दिला, आणि तिथे शीर्षकच लेखकाचे नाव म्हणून छापले गेले : ओ. उप्लावित्सि. आमांशाच्या अमीबावर काम करणाऱ्यांना चेक येत नव्हते, जर्मन येत होते. त्यांनी गोषवारा वाचला आणि आपल्या संदर्भसूचीत मूळ चेक लेख टाकला, लेखक उप्लावित्सि. पुढच्यांनी या सूचीवरून नाव उचलले. जन्मालाच न आलेल्या या संशोधकाला पुढे ‘डॉक्टर’ ही पदवीही चिकटली. ह्लावांचे श्रेय त्यांच्या हातून गेले ते गेलेच.

अर्धशतक असेच चालले. १९३८ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी मूळ लेखापर्यंत जाऊन हा घोळ उघडा केला. आपल्या टिपणाच्या मथळ्यात त्यांनी डॉ. ओ. उप्लावित्सिंच्या नावापुढे १८८७–१९३८ अशी जन्ममृत्यूची वर्षे घातली. इथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की पन्नास वर्षांतल्या त्या लेखकांपैकी ज्यांनी ‘कार्टुलिस यांच्या गोषवाऱ्यावरून’ एवढे लिहिले असते, त्यांचे काहीच चुकले नसते. चूक कार्टुलिस यांच्या दारात राहिली असती आणि शोधायला एक दिवस पुरला असता. दुय्यम संदर्भ उघडपणे दुय्यम म्हणून दिला तर चुकीचा माग काढता येतो, तो झाकला की माग पुसला जातो.

हे नेमके किती होते, याचा अंदाज बांधण्याची एक सुंदर युक्ती २००३ साली सिम्किन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्यांनी मोजल्या छपाईच्या चुका. भौतिकशास्त्रातला १९७३ सालचा एक प्रसिद्ध लेख सुमारे ४३०० ठिकाणी उद्धृत झाला होता. त्यांपैकी १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष चुकले होते. मूळ लेख समोर ठेवून संदर्भ लिहिणाऱ्याची चूक ही त्याची स्वतःची असते, त्यामुळे या चुका वेगवेगळ्या असायला हव्या होत्या. निघाल्या फक्त ४५ प्रकारच्या. पानाच्या क्रमांकातली एकच चूक तर ७८ वेळा आली होती. तेच आकडे तसेच्या तसे चुकण्याचा योगायोग ७८ जणांच्या बाबतीत होत नाही. ही नक्कल होती. ४५ भागिले १९६ म्हणजे साधारण २३ टक्के, आणि त्यावरून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांनीच मूळ लेख वाचला असावा. या अंदाजाला मर्यादा आहे. मूळ लेख नीट वाचूनही केवळ सूचीतली ओळ दुसरीकडून उतरवून घेणारे असतातच. पण नक्कल ओळखण्याची खूण म्हणून ही पद्धत पक्की आहे, आणि तपासणारे आजही याच खुणेवर नजर ठेवतात.

मराठी इतिहासलेखनात हा आग्रह वेगळ्या वाटेने आला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला. तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान देण्याची शिस्त रुजत गेली, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिल्यावर ती पक्की झाली. ‘अस्सल की नक्कल?’ हा प्रश्न आपल्याकडे कागदाला विचारला जात होता. तोच आता तळटिपेला विचारला जातो, एवढेच.

ओडोरिकच्या बाबतीत परीक्षकाला संशय कशावरून येतो? लॅटिन न शिकलेल्या विद्यार्थ्याच्या सूचीत लॅटिन हस्तलिखित दिसते, ही सरळ खूण. दुसरी जरा बारीक आहे. यूल यांच्या १८६६ च्या दोन खंडी आवृत्तीत ओडोरिक पहिल्या खंडात येतो. आन्री कोर्दिये यांनी पुढे सुधारून काढलेल्या चार खंडी आवृत्तीत तो दुसऱ्या खंडात गेला आणि तो खंड १९१३ चा आहे. सूचीत नवी आवृत्ती आणि तळटिपेत ‘खंड १’ असेल, तर पुस्तक हातात नव्हते हे उघड झाले. क्रमांक गॅझेटियरच्या तळटिपेतून आलेला असतो, आणि १८८२ च्या गॅझेटियरला १९१३ ची आवृत्ती ठाऊक असणे शक्यच नाही. तिसरी खूण अवतरणाची. उतारा गॅझेटियरमध्ये जिथे सुरू होतो आणि तुटतो, अगदी तिथेच प्रबंधातही सुरू होतो आणि तुटतो.

मग लिहायचे कसे? यूल यांचे भाषांतर स्वतः वाचले असेल तर तो दुय्यम संदर्भ नाहीच. ओडोरिक, अनुवाद यूल, १८६६, खंड आणि पान, असे लिहावे. गॅझेटियरच पाहिले असेल तर मजकुरात ‘ओडोरिक, ठाणे गॅझेटियर, १८८२ मध्ये उद्धृत’ असे येईल आणि सूचीत फक्त गॅझेटियर. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत चालणारी संदर्भ देण्याची एपीए पद्धत हेच सांगते. तिच्या सातव्या आवृत्तीनुसार असा संदर्भ क्वचितच द्यावा, म्हणजे मूळ ग्रंथ मिळत नसेल, छापणे बंद झाले असेल किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल तरच. शिकागो पद्धतीत तळटिपेत दोन्ही ग्रंथ नोंदवतात, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलण्याला तीही नाखूशच असते.

ओडोरिकच्या लॅटिन प्रतींसाठी भाषेची सवलत खरी आहे. यूल यांच्या भाषांतरासाठी ती सांगता येत नाही. ते इंग्रजीत आहे, प्रताधिकारातून केव्हाच सुटले आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येते. नौपाड्यात किंवा वाशीत घरी बसून ठाण्यावरची ती मोजकी पाने एका संध्याकाळी वाचून होतात. जॉर्डानसची पत्रेही यूल यांनी त्याच ग्रंथात दिली आहेत.