बनावट अ‍ॅप व खोटे अपडेट

ओळखीच्या अ‍ॅपचे नाव आणि चिन्ह उचलून वापरकर्त्याला गंडवणारे मोबाइल सॉफ्टवेअर म्हणजे बनावट अ‍ॅप. फोनमध्ये आधीपासून असलेल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती म्हणून तेच पुढे केले, की त्याला खोटे अपडेट म्हणतात. ओळखण्यासाठी प्रकाशक, अभिप्राय आणि परवानग्या या तीन गोष्टी तपासण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत नोंद अँड्रॉइड फोनांपुरती आहे.

अँड्रॉइडवरील या प्रकाराची सुरुवात नेमकी कुठून धरावी, याबद्दल एकमत नाही. २००९ च्या अखेरीच्या सुमारास ‘09Droid’ या नावाच्या प्रकाशकाने अनेक बँकांच्या नावांची अ‍ॅप्स अधिकृत दुकानात विकायला ठेवली होती आणि पुढे ती हटवण्यात आली. काहीजण हाच आरंभ मानतात. मात्र त्या अ‍ॅप्सनी माहिती चोरल्याचे सिद्ध झालेले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये सापडलेले ‘फेकप्लेअर’ दिसायला चित्रफिती दाखवणारे अ‍ॅप होते, प्रत्यक्षात ते महागड्या क्रमांकांवर गुपचूप एसएमएस पाठवी. फसवणुकीचा हेतू येथे निर्विवाद असल्याने आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय हे अ‍ॅप बसवतानाच एसएमएस पाठवण्याची परवानगी मागत असे, म्हणजे खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती.

ती किती जण पाहतात, हा वेगळा प्रश्न. बर्कली येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अ‍ॅप बसवताना परवानग्यांकडे लक्ष देणारे केवळ १७ टक्के निघाले. त्या काळी सगळ्या परवानग्यांची यादी एकदमच समोर येई. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) संवेदनशील परवानग्या वापराच्या वेळी एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या.

परवानग्यांवरच विसंबणे मात्र पुरेसे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये गूगल प्लेवर ‘Update WhatsApp Messenger’ नावाचे अ‍ॅप आढळले. दहा लाखांहून अधिक वेळा ते उतरवले गेले होते. परवानगी जवळपास फक्त इंटरनेटची, त्यामुळे शंका यावी असे काही नव्हते. प्रकाशकाचे नावही ‘WhatsApp Inc.’ असेच दिसे. फरक होता तो नावाच्या शेवटी जोडलेल्या एका न दिसणाऱ्या युनिकोड मोकळ्या जागेचा. पत्त्याच्या ओळीत ती `%C2%A0` अशी उमटे, पानावर काहीच दिसत नसे. बसवल्यावर अ‍ॅप जाहिराती दाखवी, दुसरी फाइल उतरवू पाही आणि कोरे चिन्ह व रिकामे नाव घेऊन लपून बसे. म्हणून प्रकाशकाचे नाव वाचून थांबू नये. त्या नावावर टिचकी मारून त्याची बाकीची अ‍ॅप्स पाहावीत आणि पानाच्या पत्त्यातील अ‍ॅपची ओळख जुळवावी. खऱ्या व्हॉट्सअ‍ॅपची ती `com.whatsapp` अशी आहे.

खोट्या अपडेटची याहून पक्की खूण अँड्रॉइडच्या रचनेतच आहे. अ‍ॅपची ओळख तीच असेल आणि प्रकाशकाची डिजिटल सहीही तीच असेल, तरच नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसते. सही वेगळी असेल तर फोन ती नाकारतो. त्यामुळे ठगाला वेगळ्या ओळखीचे नवेच अ‍ॅप बसवावे लागते. बाहेरून आलेली फाइल उघडल्यावर फोन ‘Update’ ऐवजी ‘Install’ विचारत असेल, किंवा ‘आधी जुने काढून टाका’ अशी सूचना संदेशात असेल, तर ते अपडेट नव्हे.

महाराष्ट्रात व इतरत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी वाहतूक चलनाची `.apk` फाइल येथे उदाहरणादाखल घेता येईल. ती उघडली की पहिल्यांदा अनोळखी अ‍ॅप बसवण्याची मुभा मागितली जाते, नंतर एसएमएस वाचण्याची. दंडाची पावती दाखवायला एसएमएस कशाला लागतात? बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, हे त्याचे उत्तर. दंड खरा आहे का, हे `mahatrafficechallan.gov.in` येथे गाडीचा क्रमांक घालून पाहता येते, त्यासाठी कोणतीही फाइल बसवावी लागत नाही. अशा फाइलला दुकानातले पानच नसल्याने प्रकाशक व अभिप्राय पाहण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

अभिप्राय तिन्हींत कच्चे साधन होय, कारण ते विकत मिळतात. सरासरी ताऱ्यांपेक्षा नवे आणि एका ताऱ्याचे अभिप्राय वाचावेत. ‘चिन्ह गायब झाले’, ‘काढता येत नाही’ अशा तक्रारी तेथे आधी दिसतात.

तिन्ही कसोट्या पार करणारी उदाहरणेही आहेत. ‘iRecorder’ हे स्क्रीन ध्वनिचित्रित करणारे अ‍ॅप सप्टेंबर २०२१ मध्ये निर्दोष स्वरूपात दुकानात आले. हेरगिरीचा भाग त्यात बहुधा ऑगस्ट २०२२ च्या अपडेटमधून शिरला. सही तीच, प्रकाशक तोच, आणि ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोन मागणे स्वाभाविकच.