चार्जिंग गन लॉक आहे की अडकली आहे?

इलेक्ट्रिक गाडीतून चार्जिंग गन निघत नाही म्हटलं की बहुतेकांचा पहिला विचार एकच असतो: अडकली, जरा जोर लावू या. पण गन न निघण्याची कारणं दोन असतात. एकात गाडीने ती मुद्दाम धरून ठेवलेली असते, दुसऱ्यात गाडीने सोडायचं ठरवूनही ती सुटत नाही. हाताला दोन्ही सारखीच घट्ट लागते, उपाय मात्र वेगळे आहेत.

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक चारचाकींना सीसीएस-२ प्रकारचं सॉकेट असतं. या गनच्या मुठीवर दाबून सोडवायचा खटका नसतो. गाडीच्या सॉकेटमध्ये एक छोटी मोटर असते आणि ती एक खिट्टी गनच्या खोबणीत सरकवते. म्हणजे कुलूप गाडीचं आहे, चार्जरचं नाही. फास्ट चार्जिंगमध्ये हे कुलूप सक्तीचं असतं: करंट चालू असताना गन निघाली तर ठिणगी पडून हात भाजू शकतो. म्हणून चार्जिंगचं सेशन संपून व्होल्टेज ६० च्या खाली येईपर्यंत खिट्टी मागे जात नाही.

घरच्या एसी चार्जरवर गोष्ट थोडी वेगळी असते. बॅटरी शंभर टक्के झाली तरी गाडी लॉक असेपर्यंत अनेक मॉडेल गन सोडत नाहीत, कारण केबल कुणी काढून नेऊ नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'चार्जिंग झालं तरी अडकली' अशी तक्रार येते, त्यातल्या बऱ्याचदा फक्त चावीवरचं अनलॉक बटण दाबायचं राहिलेलं असतं.

मग ओळखायचं कसं? कानाने. अनलॉक दाबा आणि सॉकेटजवळ कान द्या. मोटरचा 'टक्' आवाजच आला नाही, तर गाडीने अजून सोडायचं ठरवलेलं नाही: सेशन चालू असेल किंवा गाडीला तसं वाटत असेल. अॅपमधून किंवा चार्जरच्या स्क्रीनवरून सेशन थांबवा, मिनिटभर थांबा, गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा. चावीला दरवाजेही दाद देत नसतील तर संशय बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्या. ती बसली की कुलपाची मोटरही बसते, मोठी बॅटरी कितीही भरलेली असो.

आवाज येतो, पण गन निघत नाही, तर ती खरोखर अडकली आहे. आणि बऱ्याचदा तिला अडकवतं केबलचंच वजन. घाटकोपरला एका फास्ट चार्जरवर आमच्या शेजारच्या वहिनींचं असंच झालं. चार्जर गाडीपासून जरा लांब होता, जाड केबल ताणून आणलेली, आणि तिचा सगळा भार गनवर. अॅपवर सेशन संपल्याचं दिसत होतं, अनलॉक केलं की टक्-टक् ऐकू येत होतं, तरी गन हलेना. "दादा, अजून थोडा जोर लावू का?" वहिनींनी विचारलं. नेमकं तेच करायचं नव्हतं. दार ओढून धरलं की कडी सरकत नाही, तसंच इथे होतं: केबल गनला खाली आणि बाहेर खेचत होती, खोबणीची कड खिट्टीवर दाबली जात होती, आणि त्या दाबाखालून खिट्टी ओढायची ताकद छोट्या मोटरमध्ये नसते. आपण ओढलं की दाब वाढतो. म्हणून मी केबल खांद्याइतकी उचलून धरली, वहिनींनी गन आधी आत ढकलली, मूठ किंचित वर उचलून सरळ केली, आणि तशीच धरून दुसऱ्या हाताने अनलॉक दाबलं. खिट्टी मागे गेली आणि गन सहज बाहेर आली.

एकट्याने असाल तर केबलचा भार गुडघ्यावर घ्या. पावसाळ्यात खोबणीत चिखल-वाळू बसलेली असते, तेव्हा आत-बाहेर हलकं हलवून दोन-तीनदा अनलॉक करावं लागतं. स्क्रू ड्रायव्हर मात्र घालू नका.

एवढं करूनही निघाली नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे हाताने सोडवायची दोरी. अनेक गाड्यांत ती असते, डिकीच्या आतल्या अस्तरामागे किंवा बॉनेटखाली. नेमकी जागा मॉडेलनुसार बदलते, म्हणून मॅन्युअलमधलं ते पान आजच फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बेसमेंटमध्ये रेंज नसते. दोरी ओढण्याआधी सेशन थांबल्याची खात्री करा. स्क्रीन गोठली असेल तर चार्जरवरचं लाल आपत्कालीन बटण दाबा, पण नंतर चार्जर पुन्हा सुरू करायला ऑपरेटरला कळवावं लागतं. जळका वास आला किंवा गनचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर दोरीलाही हात न लावता आधी ते बटण दाबा, दूर व्हा आणि ऑपरेटरला फोन करा.

दोरीने सोडवावी लागली असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. खिट्टी वाकलेली असली तर घरी एसी चार्जिंग कदाचित होईलही, पण फास्ट चार्जर सुरू होणार नाही, कारण कुलूप लागल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी फास्ट चार्जरचा डीसी करंट घेत नाही.