चुका कमी झाल्या तरी साहेबांचं समाधान का होत नाही?

दोन ओळींचा ईमेल. तोही पाठवण्याआधी दाखवायचा. त्यातला 'कृपया' मागून पुढे येतो, पुढून मागे जातो, तिसऱ्या फेरीत गळून पडतो. शेवटी जो मजकूर जातो तो जवळपास पहिल्या मसुद्यासारखाच असतो, आणि तरी साहेबांच्या चेहऱ्यावर नाराजी असतेच. असा मॅनेजर ज्यांनी सोसला आहे त्यांना पुढचा प्रश्नही ओळखीचा असेल: मी काम सुधारलं, चुका जवळपास संपल्या, तरी हा माणूस माझ्या मानेवरून उठत का नाही?

याचं उत्तर बहुतेक वेळा स्वभावात शोधलं जातं. साहेब संशयी आहेत, हेकट आहेत, वगैरे. ते खरंही असू शकतं. पण सतत तपासण्याच्या कृतीतच अशी काही यंत्रणा आहे, जी समजूतदार माणसालाही याच वाटेने नेते. ती कळली की आपण नेमकं काय बदलू शकतो हेही दिसू लागतं.

लॉइड स्ट्रिकलंड या मानसशास्त्रज्ञाने 1958 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी माणसाला पर्यवेक्षकाची भूमिका दिली होती. त्याच्या हाताखाली दोन कामगार आहेत असं त्याला सांगितलं, आणि मांडणी अशी केली की त्याला एकावर वारंवार नजर ठेवावी लागली, दुसऱ्यावर क्वचितच. दोघांचं काम सारखंच भरलं. पुढच्या टप्प्यात पर्यवेक्षकाला मोकळीक दिली: आता कोणावर लक्ष ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. त्याने बहुतेक वेळा ज्याच्यावर आधी जास्त नजर होती त्यालाच पुन्हा तपासलं. विश्वास बसला होता तो दुसऱ्यावर, ज्याला फारसं तपासलंच नव्हतं.

काम सारखं असूनही असं का झालं? कारण चांगलं काम पाहिल्यावर आपण त्याचं कारण शोधतो. नजरेआड काम करणाऱ्याने ते नीट केलं, तर कारण एकच उरतं: तो माणूस भरवशाचा आहे. नजरेखाली काम करणाऱ्याने तेच केलं तर कारणं दोन होतात: तो भरवशाचा आहे, किंवा मी पाहत होतो म्हणून त्याने केलं. तपासणाऱ्याला दुसरं कारण जवळचं वाटतं. म्हणजे तुमचं प्रत्येक निर्दोष काम साहेबांच्या हिशेबात त्यांच्या देखरेखीच्या खात्यावर जमा होतं. तुमचं खातं रिकामंच राहतं, आणि ते रिकामं दिसतं म्हणून देखरेख चालू राहते.

जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याला आणखी एक बाजू जोडली. त्यांच्या प्रयोगात सगळ्यांसमोर शेवटी आलेलं काम एकच होतं. पण ज्यांना वाटत होतं की या कामावर आपण देखरेख केली, त्याच्या घडणीत आपला हात आहे, त्यांनी तेच काम जास्त चांगलं ठरवलं. मला यातून दिसतं ते असं: हात फिरवला की काम उजळतं, असा अनुभव साहेबांना खरोखर येत असतो. मग ज्या मसुद्यावर त्यांचा हात फिरलेला नाही तो त्यांना अपुरा वाटणारच, मग तो कितीही नीट असो.

आता 'कधीच समाधान होत नाही' या भागाकडे येऊ. डेव्हिड लेव्हारी, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक साधा, पण मला फार महत्त्वाचा वाटणारा प्रयोग मांडला. पडद्यावर एकेक ठिपका यायचा. त्याचा रंग जांभळ्यापासून निळ्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठेही असायचा. पाहणाऱ्याने फक्त सांगायचं, निळा आहे की नाही. सुरुवातीला निम्मे ठिपके निळे होते, मग हळूहळू निळे कमी करत नेले. झालं असं की लोक आधी ज्यांना जांभळे म्हणत होते त्याच ठिपक्यांना निळे म्हणू लागले. निळे विरळ झाले, तशी 'निळा' या शब्दाची हद्द पसरली. आधी सूचना दिली, उत्तरं बदलू नका म्हणून बजावलं, त्यासाठी पैसेही देऊ केले, तरी हद्द सरकतच राहिली.

ठिपक्यांच्या जागी चुका ठेवून पाहा. ज्याचं काम चुका शोधण्याचं आहे, त्याच्यासमोरच्या ढोबळ चुका कमी झाल्या की कालपर्यंत चालून जाणारी शब्दरचना त्याला चूक दिसू लागते. हा ठिपक्यांवरून मी काढलेला तर्क आहे, कार्यालयात कोणी तसंच मोजून पाहिलं असा माझा दावा नाही. पण संशोधकांना धोकादायक वाटणारे चेहरे ओळखण्यात आणि अनैतिक वाटणारे प्रस्ताव निवडण्यातही हीच सरकती हद्द दिसली होती, त्यामुळे तर्क फार लांबचा नाही. यात साहेबांचा कपटीपणा असावाच लागत नाही. त्यांना खरोखर तेवढीच चूक दिसत असते.

यावर करायचं काय, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एक जण दर शुक्रवारी ग्राहकांना जाणारा अहवाल तयार करते. प्रत्येक अहवाल तिच्या मॅनेजरकडून दुरुस्त्या होऊन परत येतो. ती सहा आठवडे एकच गोष्ट करते: प्रत्येक दुरुस्ती तीन रकान्यांपैकी एकात टाकते. चूक, म्हणजे आकडा, नाव किंवा तारीख चुकली. उणीव, म्हणजे हवी ती माहिती राहिली. पसंती, म्हणजे शब्द, क्रम, रंग. एकूण 84 दुरुस्त्या निघतात: 5 चुका, 11 उणिवा, 68 पसंती. आठवड्यांचा क्रम यापेक्षा बोलका आहे. पहिल्या अहवालात 15 दुरुस्त्या होत्या: 3 चुका, 4 उणिवा, 8 पसंती. सहाव्या अहवालात 13, आणि तेराही पसंती. चुका शून्यावर आल्या तरी लाल शाई जवळपास तेवढीच राहिली. हीच ती सरकलेली हद्द.

ही वही साहेबांच्या तोंडावर आपटण्यासाठी नाही. आपण उगाच दुखावतो आहोत की खरंच काम सुधारायला हवं, हे स्वतःला कळण्यासाठी ती आहे. पाचसहा अहवालांनंतरही चुकांचा रकाना भरलेलाच असेल तर तपासणी योग्य आहे, आणि पुढचं काहीही करण्याआधी तो रिकामा करायला हवा.

तिने उणिवांचा रकाना नीट वाचला, तेव्हा अकरांपैकी सात उणिवा एकाच जातीच्या निघाल्या: गेल्या आठवड्याशी तुलना दिलेली नव्हती. मग तिने बचाव न करता एक प्रश्न विचारला, "सर, हा अहवाल वर गेल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारलं जातं?" उत्तर आलं, "हा आकडा का बदलला, हेच." बारीकसारीक तपासणीमागे बरेचदा अशी एक खरी भीती असते. ती बाहेर आल्याशिवाय दुरुस्त्या शब्दांवर आणि रंगांवर पसरत राहतात.

त्या बोलण्यातून तिने सहा ओळींची यादी लिहून काढली. प्रत्येक आकड्यासमोर मागचा आकडा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरकाला एका वाक्यात कारण, अशा स्वरूपाची. यादी काम सुरू होण्याआधी साहेबांकडून मान्य करून घेतली. यातला 'आधी' महत्त्वाचा आहे. हद्द डोक्यात असेल तर ती सरकते. कागदावर असेल तर निदान सरकताना दिसते. तपासणीच्या वेळाही दोनच ठरल्या: नुसता सांगाडा तयार झाल्यावर एकदा, शेवटी एकदा.

मॅनेजरने विचारण्याआधीच सतत माहिती देत राहा, असा सल्ला नेहमी दिला जातो. सुरुवातीला त्याने धग कमी होते, हे खरं. पण स्ट्रिकलंडचा प्रयोग आठवा. तासातासाला खबर देणं म्हणजे आपणच देखरेख वाढवणं, आणि मग नीट झालेल्या कामाचं श्रेय पुन्हा देखरेखीलाच जातं. विश्वासाला लागणारा पुरावा फक्त न तपासलेल्या कामातून येतो. म्हणून तो मुद्दाम तयार करावा लागतो.

त्यासाठी काम छोटं हवं, चुकलं तर परत दुरुस्त होणारं हवं, आणि निकाल मोजता येणारा हवा. तिने अहवालातलं तक्त्यांचं पान निवडलं. "सर, पुढचे चार आठवडे हे पान मी थेट पाठवते. सोमवारी तुम्ही ते यादीवरून तपासा. एक जरी चूक निघाली, तर पुन्हा आधी दाखवत जाईन." इथे तपासणी रद्द झालेली नाही, पाठवण्याच्या आधीची नंतर झाली आहे. साहेबांना सोडायला जड जातं ते काम नव्हे, खात्री. ती त्यांच्या हातात राहते, फक्त आता तिच्याआधी न पाहिलेलं काम घडलेलं असतं. चार सोमवार निर्दोष गेले की त्यांच्यासमोर असा पुरावा असतो ज्याचं श्रेय त्यांच्या नजरेला देता येत नाही. एकदम पूर्ण मोकळीक मागितली असती तर पहिल्याच अडखळण्यात सगळं परत गेलं असतं.

हे प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. चुकीची किंमत मोठी असलेल्या कामात, उदाहरणार्थ औषधाची मात्रा मोजताना, आधीची तपासणी काढून टाकण्याची मागणीच करू नये. आणि यादी मान्य होऊनही साहेब दर वेळी यादीबाहेरचं कारण काढत असतील, कालच सांगितलेलं आज चूक ठरवत असतील, किंवा चारचौघांत पाणउतारा करत असतील, तर प्रश्न तपासणीचा उरलेला नाही. एक खूण पडताळून पाहावी: हे सगळ्या टीमशी होतंय की फक्त आपल्याशी? त्याप्रमाणे तारीखवार नोंदी घेऊन त्यांच्या वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जाणं, बदली मागणं, हे मार्ग उरतात. त्यात वेळ घालवू नये असं मला मनापासून वाटतं. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन 'व्हाइटहॉल 2' अभ्यासात, स्वतःच्या कामावर कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं होतं. 'मी फारच मनाला लावून घेतो' असं स्वतःलाच बजावत वर्षं काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्या उदाहरणातल्या त्या बाईंना पाचव्या आठवड्यात तक्त्यांसोबत मजकुराची दोन पानंही थेट पाठवता येऊ लागली. पहिलं पान साहेब अजूनही आधी पाहतात आणि शीर्षकातला एखादा शब्द हमखास बदलतात. तो बदल ती पसंतीच्या रकान्यात लिहिते आणि अहवाल पाठवून देते.