सीओपीडीचं ‘रेस्क्यू पॅक’ : घरात ठेवलेल्या गोळ्यांची पार्श्वभूमी

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णांनी घरात अँटिबायोटिक ठेवायची, ही ब्रिटनमध्ये नवी गोष्ट नव्हे. १९५२च्या लंडनमधल्या धुरक्यानंतर ‘क्रॉनिक ब्रॉन्कायटिस’कडे, म्हणजे आज सीओपीडीत मोडणाऱ्या जुनाट खोकला-कफाच्या आजाराकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं, आणि हिवाळाभर टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन पाहण्याचे प्रयोग त्यानंतरच्या काही वर्षांत झाले. पण आज ज्याला रेस्क्यू पॅक म्हणतात, ते तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २००४ साली आलं. पॅक म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, अँटिबायोटिकचा एक कोर्स आणि कधी काय घ्यायचं ते लिहिलेला कागद.

त्यामागचं कारण पूर्व लंडनमधल्या रुग्णांच्या डायऱ्यांतून मिळालं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत दिसलं, की दुखणं उफाळण्याच्या आधी साधारण आठवडाभर सर्दी, घसादुखी, खोकला आणि धाप हळूहळू वाढत जाते. त्याच शहरातल्या २००४च्या अभ्यासात औषध लवकर सुरू केलेले रुग्ण लवकर सावरले. मग डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तीन-चार दिवस का घालवायचे, हा प्रश्न रास्त होता.

घोटाळा झाला तो ‘रेस्क्यू’ या शब्दाने. धाप लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपालाही रेस्क्यू इनहेलर म्हणतात. तो काही मिनिटांत श्वासनलिका सैल करतो. पॅकमधलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मात्र श्वासनलिकेची सूज उतरवतं आणि त्याला कित्येक तास, बहुधा एक-दोन दिवस लागतात. नाव एकच असल्याने रुग्णाला वाटतं, की जीव घाबरा झाला की गोळ्या घ्यायच्या आणि आराम पडायची वाट बघायची. ज्या रात्री रुग्णवाहिका बोलवायची, त्या रात्री असं वाट बघणं जिवावर बेतू शकतं. माझ्या मते पॅकच्या कागदावर ‘हे तात्काळ आराम देत नाही’ हे वाक्य सगळ्यात वर हवं.

दुसरा वाद २०१२चा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत प्रशिक्षण आणि घरी औषधं देण्याची चाचणी सुरू होती. ती अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषधं दिलेल्या गटात २८ मृत्यू झाले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात १०. कारण नीट उलगडलं नाही. त्याच वर्षी ग्लासगोच्या अभ्यासात शिकवलेल्यांपैकी ४२ टक्के रुग्णच स्वतःचे उपचार योग्य रीतीने सांभाळू शकले. पॅक सरसकट वाटू नये, असं मला या दोन निकालांमुळे वाटतं. २०१८च्या ब्रिटिश सूचनाही तेच सांगतात: गेल्या वर्षभरात दुखणं उफाळलेलं असावं, रुग्णाला कधी आणि कसं घ्यायचं ते समजलेलं असावं आणि गोळ्या सुरू केल्याचं त्याने कळवावं. वर्षात तीन किंवा जास्त कोर्स लागले, तर कारण शोधायचं. स्टेरॉइडचे दिवसही घटले. २०१३ च्या स्विस चाचणीत ५ दिवस आणि १४ दिवस सारखेच ठरले.

प्रत्यक्षात हे असं घडतं. समजा, एका ६८ वर्षांच्या गृहस्थांना एरवी दिवसातून दोनदा पंप लागतो. सोमवारी सर्दी झाली आणि पंप पाच वेळा लागला. जिना चढताना मध्येच थांबावं लागलं. मंगळवारी बेडका वाढला आणि पांढऱ्याचा हिरवट-पिवळा झाला. वाढलेली धाप पंपाने आटोक्यात येत नाही, म्हणून स्टेरॉइड. बेडक्याचा रंग बदलला आणि तो वाढला, म्हणून अँटिबायोटिक. रंग बदलला नसता, तर अँटिबायोटिकची गरज बहुधा नव्हती. कागदावर लिहिल्याप्रमाणे रोज सकाळी ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, न्याहारीनंतर, ५ दिवस. त्याच दिवशी दवाखान्यात फोन. मधुमेह असेल तर साखर वाढणार, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. गुरुवारपर्यंत उतार नाही, तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

पण मंगळवारी रात्रीच बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, किंवा माणूस गुंगीत जाऊन असंबद्ध बोलू लागला, तर गोळ्यांचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठायचं. गुंगी म्हणजे ‘दमून झोपले’ असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो. अशा वेळी घरचा ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवू नये. टास्मानियातल्या २०१० च्या चाचणीत रुग्णवाहिकेत रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांपर्यंतच राखला, तेव्हा भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांच्या मानाने मृत्यू कमी झाले. बोटावरच्या मीटरचा आकडाही रुग्णाच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघायचा. म्हणून बरं असतानाचा आकडा पॅकच्या कागदावर लिहून ठेवतात.

आपल्याकडे असं पॅक रीतसर क्वचितच मिळतं. पण स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळतात, तेव्हा गोळ्या घरात असतात, फक्त त्यांच्याबरोबरचा कागद नसतो.