स्थिरांकात लपलेला कॉस्टिक सोडा

तोंड आलं की जिभेवर लावायचं जांभळं औषध पूर्वी अनेक घरांत असायचं. जेन्शियन व्हायोलेट हे त्याचं नाव, आणि त्यातला मुख्य रंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. या रंगाच्या अगदी पातळ द्रावणात कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, घातला तर जांभळा रंग डोळ्यांदेखत फिका होत जातो आणि काही मिनिटांत पाणी जवळजवळ पारदर्शक होतं. रंगाच्या रेणूत मध्यभागी एक कार्बन असतो आणि त्याला तीन कडी जोडलेली असतात. रेणूवरचा धन भार या तिन्ही कड्यांवर पसरलेला असतो, आणि जांभळा रंग दिसतो तो त्यामुळेच. हायड्रॉक्साइड आयन येऊन मधल्या कार्बनला चिकटला की ही जोडणी तुटते आणि रंग जातो.

रंगाचा एक रेणू आणि हायड्रॉक्साइडचा एक आयन यांची गाठ पडली तरच ही अभिक्रिया घडते. म्हणून तिचा वेग दोघांच्याही संहतीवर अवलंबून असतो:

`वेग = k × [CV] × [OH⁻]`

यात `[CV]` म्हणजे क्रिस्टल व्हायोलेटची संहती, `[OH⁻]` म्हणजे हायड्रॉक्साइडची, आणि `k` हा खरा वेग स्थिरांक. तो थेट मोजायला गेलं तर अडचण येते, कारण अभिक्रिया चालू असताना दोन्ही संहती एकाच वेळी घटत असतात आणि त्या दोघींचा हिशेब ठेवावा लागतो. यातून सुटण्याची युक्ती साधी आहे. दोघांपैकी एकाला इतक्या मोठ्या प्रमाणात घ्यायचं, की त्यातलं थोडं खर्च झालं तरी फरक पडू नये.

समजा, मिश्रणात रंगाची संहती 0.00001 मोलार आहे आणि हायड्रॉक्साइडची 0.02 मोलार. म्हणजे रंगाच्या प्रत्येक रेणूमागे दोन हजार हायड्रॉक्साइड आयन आहेत. सगळा रंग संपला तरी हायड्रॉक्साइडचा दोन हजारावा भागच खर्ची पडतो. त्यामुळे `[OH⁻]` हा आकडा प्रयोगभर स्थिर मानायला हरकत नाही, आणि तो `k` मध्ये मिसळून टाकता येतो:

`वेग = k′ × [CV]`, जिथे `k′ = k × [OH⁻]`

आता समीकरण प्रथम कोटीच्या, म्हणजे वेग एकाच संहतीच्या प्रमाणात बदलणाऱ्या, अभिक्रियेसारखं दिसतं, पण ते तसं नुसतं दिसतंच. अभिक्रिया आतून द्वितीय कोटीचीच आहे. म्हणून हिला छद्म प्रथम कोटी म्हणतात. `k′` चं एकक प्रति सेकंद असतं, तर खऱ्या `k` चं एकक लिटर प्रति मोल प्रति सेकंद. उत्तराचं एकक नुसतं प्रति सेकंद आलं, तर कॉस्टिक सोडा अजून आकड्याच्या आतच बसलेला आहे, हे लगेच कळतं.

प्रयोगात रंग मोजायचा तो 590 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात, कारण हा रंग तिथे सर्वांत जास्त प्रकाश शोषतो. वरच्या संहतीला सुरुवातीचं शोषण 0.87 च्या आसपास येतं आणि साध्या कलरिमीटरलाही ते नीट वाचता येतं. दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यायचं, प्रत्येक वाचनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढायचा आणि तो वेळेसमोर मांडायचा. बिंदू सरळ रेषेत उतरले तर त्या रेषेचा उतार म्हणजे `k′`. इथे तो साधारण 0.0041 प्रति सेकंद येतो. म्हणजे 169 सेकंदांत शोषण निम्मं होतं, पुढच्या 169 सेकंदांत त्याच्याही निम्मं. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल केले आहेत. 25 अंश सेल्सिअसला प्रत्यक्षात मिळणारी उत्तरं यांच्या आसपास असतात.)

इथे 0.0041 ला 0.02 ने भागून `k` काढला आणि वही मिटली, असं बरेच जण करतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. एका भागाकाराने दोन गोष्टी न तपासता गृहीत धरल्या जातात. एक, हायड्रॉक्साइडची कोटी एकच आहे. दोन, रंग फक्त हायड्रॉक्साइडमुळेच जातो आहे.

म्हणून प्रयोग निदान तीन-चार वेगवेगळ्या संहतींना करावा. समजा 0.01, 0.02 आणि 0.04 मोलार हायड्रॉक्साइडला `k′` अनुक्रमे 0.0021, 0.0041 आणि 0.0081 मिळाला. संहती दुप्पट केली की `k′` जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे कोटी एक. ती दोन असती, तर `k′` चौपट झाला असता. आता `k′` उभ्या अक्षावर आणि `[OH⁻]` आडव्या अक्षावर मांडा. रेषेचा चढ 0.0060 भागिले 0.03, म्हणजे 0.20. हाच खरा `k`: 0.20 लिटर प्रति मोल प्रति सेकंद.

ही रेषा शून्यातून मात्र जात नाही. उभ्या अक्षाला ती 0.0001 वर छेदते. हायड्रॉक्साइड शून्य असतानाही शिल्लक राहणारा हा छोटा वेग बिनकामाचा नाही. पाण्याचा रेणूही रंगावर हळूहळू हल्ला करतो, आणि तयार झालेला रंगहीन पदार्थ थोडासा उलटा फिरून पुन्हा रंगीत होतो, अशा कारणांनी तो येतो. नुसता भागाकार केला असता तर 0.01 मोलारला 0.21 आणि 0.04 ला 0.2025 अशी वेगवेगळी उत्तरं आली असती. चढ घेतला की हा जादा तुकडा आपोआप बाजूला पडतो.

चुका होतात त्या बहुधा दोन ठिकाणी. पहिली चूक पहिल्यांदा हा प्रयोग करताना मीही केली होती. बाटलीवर 0.04 मोलार लिहिलं होतं, रंग आणि सोडा समान मापाने मिसळले आणि भागाकारात 0.04 च घातला. मिसळल्यावर संहती 0.02 झाली होती, त्यामुळे `k` निम्मा आला. आलेख अगदी सरळ होता, म्हणून शंकाही आली नाही. बाटली उघडी राहिली तर सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतो आणि त्याची खरी संहती घटते, म्हणून त्याच दिवशी अनुमापन करून, म्हणजे माहीत असलेल्या आम्लाने मोजून, ती पक्की करून घ्यावी.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. रंगाचा आयन धन, हायड्रॉक्साइड ऋण. द्रावणात इतर आयन वाढले की त्यांच्या गर्दीमुळे या दोघांमधलं आकर्षण कमी पडतं आणि `k` स्वतःच घटतो. केवळ सोडा 0.01 वरून 0.04 मोलार केला, तर या परिणामाने `k` साधारण सहाव्या हिश्श्याने उतरतो. `k′` चा आलेख मग वर चढताना खाली वाकतो, आणि कोटी एकपेक्षा थोडी कमी असल्याचा भास होतो. उपाय म्हणजे प्रत्येक मिश्रणात मिठाचं पाणी असं घालायचं, की सोडा आणि मीठ यांची मिळून संहती सगळीकडे सारखी राहील. वरचे आकडे तसेच धरलेले आहेत.

रंगाच्या तुलनेत सोड्याचा अतिरेक पुरेसा आहे का, हे तपासायला रंगाचं प्रमाण निम्मं करून पुन्हा मोजावं. `k′` तसाच राहिला पाहिजे. सोडा रंगाच्या फक्त दहापट असता, तर अखेरीस त्याचा दहावा भाग संपला असता आणि लॉगॅरिदमची रेषा शेवटी आडवी होऊ लागली असती. ज्या छोट्या पात्रात द्रावण ठेवून वाचन घेतात त्या क्युवेटच्या भिंतीला रंग चिकटून राहिला तरी रेषा तशीच वाकते. म्हणून आधी क्युवेट अल्कोहोलने धुऊन पाहावं, मगच संहतीला दोष द्यावा.

ही वाट नेहमीच मोकळी नसते. एस्टर पाण्यात विघटित होतो तेव्हा पाणी स्वतःच अतिरेकात असतं, लिटरला सुमारे 55 मोल. तिथेही `k′` मिळतो, पण पाणी कमी-जास्त करायचं तर अल्कोहोलसारखा दुसरा द्रावक मिसळावा लागतो, आणि मग माध्यमच बदलतं. `k′` ला 55 ने भागून आकडा काढता येतो, मात्र पाण्याची कोटी खरोखर एक आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.