मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही

७ जूनच्या सुमारास मृग लागला की खान्देशात कपाशी लावायची घाई सुरू होते. त्या आठवड्यात आकाशात मृग शोधलात तर मात्र सापडणार नाही. सूर्यच तेव्हा त्या भागात असतो, आणि मृगाच्या पोटातले ओळीने असलेले तीन तारे जळगावात जवळजवळ सूर्याबरोबरच मावळतात. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही. एप्रिलभर गच्चीवरून मृगाचा तारा रोज किती वाजता खाली जातो ते मोजायला लावलं की पटतं.

आधी फिरता तारानकाशा घ्या. त्यात पूर्व डाव्या हाताला दिसते, कारण तो डोक्यावर उलटा धरून पाहायचा असतो. तारखेसमोर वेळ लावताना अर्धा तास वजा करा. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं आहे आणि जळगाव त्याच्या सुमारे ७ अंश पश्चिमेला. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे फरक २८ मिनिटांचा.

मृग ओळखता आला की पश्चिमेकडचं एखादं छप्पर निवडा. तिघांपैकी मधला तारा छपराच्या आडव्या कडेमागे गेला की वेळ लिहायची. समजा १ एप्रिलला ९ वाजून १७ मिनिटं झाली. ८ तारखेला तोच तारा ८.५० च्या आसपास जाईल, १५ ला ८.२२ ला, २२ ला ८ वाजायच्या आत. मधले काही दिवस ढगात गेले तरी बिघडत नाही. आठवड्याच्या फरकाला ७ ने भागा, ४ मिनिटांच्या जवळपास उत्तर येतं.

ही ४ मिनिटं कुठून आली? पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही रोज साधारण १ अंश सरकते. ताऱ्यांच्या हिशेबाने तिची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला तो जास्तीचा १ अंश वळावं लागतं. घड्याळ सूर्याचं, म्हणून तारे रोज ४ मिनिटं आधी मावळताना दिसतात. महिन्याला २ तास, वर्षाला पूर्ण २४. तारानकाशाच्या कडेला तारखा आणि तास एकमेकांसमोर सरकतात ते याच हिशेबाने.

एखादी वेळ भलतीच आली तर आधी डोळ्याची उंची तपासा. छप्पर १० मीटर लांब असेल आणि उंच मुलाऐवजी ३० सेंटिमीटर बुटका मुलगा उभा राहिला, तर ७ मिनिटांच्या आसपास चूक होते. उभं राहायची फरशी आणि पाहणारा, दोन्ही रोज तेच ठेवा.

मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक, यावरून पाऊस सांगणारे भेटतीलच. ते वाहन सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, ९ ने भागून उरलेल्या बाकीवरून ठरतं. त्या बाकीत ढग कुठेच नाहीत.

एप्रिलअखेर हे तीन तारे संधिप्रकाशात फिके पडतात. तेव्हा बराच तेजस्वी असलेला व्याध धरा. त्याच्या वेळा वेगळ्या येतील, रोजचा फरक तोच राहील.